जागा शिल्लक, तरी स्विच भरलेला

नेटवर्क स्विचमध्ये टीकॅम नावाची एक खास मेमरी असते. आलेले पॅकेट कोणत्या दिशेला पाठवायचे आणि त्याला जाऊ द्यायचे की अडवायचे, हे दोन्ही निर्णय मोठे स्विच आणि राउटर या मेमरीच्या आधारे घेतात. तिच्यातल्या ओळी ठरलेल्या असतात. त्या भरल्या की नवा मार्ग किंवा ॲक्सेस लिस्टमधला नवा नियम हार्डवेअरमध्ये बसत नाही. यालाच टीकॅम संपणे म्हणतात. हा बिघाड फसवा असतो. यंत्र बंद पडत नाही, कॉन्फिगरेशन चुकलेले नसते, कमांड दिली तर मार्गांचा तक्ताही बरोबर दिसतो. तरीही काही पॅकेट रखडतात, काही हरवतात आणि बाकीची वाहतूक मात्र सुरळीत चालू असते.

टीकॅम म्हणजे टर्नरी कंटेंट ॲड्रेसेबल मेमरी. साध्या मेमरीला जागेचा क्रमांक दिला की ती तिथे ठेवलेली माहिती देते. टीकॅमचे काम उलट्या बाजूने चालते. तिला माहिती द्यायची, आणि ती माहिती कोणत्या ओळीशी जुळते ते तिने सांगायचे. तिच्या प्रत्येक पेशीत शून्य, एक किंवा ‘काहीही चालेल’ अशा तीन अवस्था साठवता येतात. मार्ग साठवायला ही तिसरी अवस्था फार सोयीची पडते. `10.20.0.0/16` या मार्गात पत्त्याचे पहिले १६ बिट ठरलेले असतात आणि उरलेले १६ काहीही असले तरी चालतात. म्हणून त्या ६५,५३६ पत्त्यांसाठी एकच ओळ पुरते.

पॅकेट आले की त्याचा पत्ता सगळ्या ओळींपुढे एकाच वेळी ठेवला जातो. एकापेक्षा अधिक ओळी जुळल्या तर सगळ्यांत वरची ओळ जिंकते. `10.20.30.0/24` हा नेमका मार्ग `10.20.0.0/16` या ढोबळ मार्गाच्या वर ठेवलेला असतो, त्यामुळे नेमक्याला आपोआप मान मिळतो. ओळी हजार असोत की दहा लाख, उत्तर ठरलेल्या वेळातच येते. सेकंदाला कोट्यवधी पॅकेट हाताळणाऱ्या यंत्राला हेच हवे असते.

या वेगाची किंमत मोठी आहे. साध्या वेगवान मेमरीतल्या एका पेशीला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात, टीकॅमच्या एका पेशीला साधारण सोळा. शिवाय प्रत्येक शोधात सगळ्या ओळी एकदम जाग्या होतात, त्यामुळे वीज भरपूर लागते आणि चिप तापते. म्हणून निर्माते टीकॅम हात राखूनच देतात. संगणकात रॅमची आणखी एक पट्टी बसवता येते, तसे इथे करता येत नाही. खरेदीच्या वेळी जेवढी मिळाली, तेवढीच आयुष्यभर.

स्विचच्या प्रोसेसरकडे स्वतःची साधी मेमरी असते आणि ती तुलनेने मुबलक असते. शेजारच्या राउटरांकडून आलेले मार्ग, माणसांनी लिहिलेल्या ॲक्सेस लिस्ट हे सगळे आधी तिथे जमा होते. मग त्याची एक प्रत टीकॅममध्ये उतरवली जाते. मूळ तक्ता प्रोसेसरकडे असतो, पण पॅकेट धावतात ते प्रतीच्या भरवशावर. टीकॅम संपतो तेव्हा मूळ आणि प्रत यांच्यात फरक पडतो. तक्ता पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते आणि पॅकेटला मात्र दिसत नाही, ते याच फरकामुळे.

यात आणखी एक गुंता आहे. टीकॅमची जागा सलग, सगळ्यांसाठी मोकळी नसते. आयपी व्ही-४ चे मार्ग, आयपी व्ही-६ चे मार्ग, मल्टिकास्ट, ॲक्सेस लिस्ट, वाहतुकीला प्राधान्य देणारे नियम अशा वेगवेगळ्या कामांसाठी तिचे आधीच वाटे पाडलेले असतात. रेल्वेत एका कोट्यातल्या जागा रिकाम्या असताना दुसऱ्या कोट्यातले प्रवासी वेटिंग लिस्टवर राहतात, तसाच प्रकार इथे घडतो. टीकॅम संपल्याच्या बऱ्याच घटनांमध्ये एकूण जागा संपलेली नसते, एक वाटा संपलेला असतो. १२ ऑगस्ट २०१४ या दिवसाने ते जगाला दाखवून दिले.

इंटरनेटचे मोठे राउटर बीजीपी या प्रोटोकॉलने एकमेकांना मार्ग सांगतात. त्या सर्वांचा मिळून जो जागतिक तक्ता तयार होतो, त्यात २०१४च्या उन्हाळ्यात आयपी व्ही-४ चे सुमारे पाच लाख मार्ग होते. संख्या वर्षानुवर्षे संथपणे वाढत होती. त्या काळात असंख्य सेवा पुरवठादार आणि डेटा सेंटर सिस्कोच्या ६५०० आणि ७६०० या मालिकांतली यंत्रे वापरत होते. त्यांतल्या मोठ्या क्षमतेच्या सुपरव्हायजर कार्डावर मार्गांसाठी १०२४के, म्हणजे दहा लाखांहून थोड्या अधिक ओळींचा टीकॅम होता. जागतिक तक्त्याच्या दुप्पट जागा, म्हणजे निर्धास्त राहावे अशीच स्थिती.

पण कारखान्यातून येताना त्या जागेची वाटणी ठरलेली होती. ५१२के ओळी आयपी व्ही-४ आणि एमपीएलएसच्या लेबलांसाठी होत्या. उरलेल्या ५१२के ओळी आयपी व्ही-६ आणि मल्टिकास्टसाठी राखून ठेवल्या होत्या. आयपी व्ही-६ चा पत्ता लांब असल्याने त्याचा एक मार्ग दोन ओळी घेतो, म्हणून या वाट्याची क्षमता २५६के मार्ग अशी लिहिली जाई. प्रत्यक्षात त्या वेळी आयपी व्ही-६ चा जागतिक तक्ता सुमारे वीस हजार मार्गांचा होता. एका बाजूला जागतिक मार्गांनीच पाच लाखांच्या आसपास ओळी भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढ्याच रिकाम्या, अशी ती यंत्रे वर्षानुवर्षे चालत राहिली. ही वाटणी ठरली तेव्हा आयपी व्ही-६ झपाट्याने पसरेल, हा अंदाज वावगा नव्हता. फक्त तो खरा ठरला नाही, आणि वाटणी कोणी पुन्हा पाहिली नाही.

त्या मंगळवारी जागतिक वेळेनुसार सकाळी पावणेआठच्या सुमारास, म्हणजे भारतात दुपारी सव्वा वाजून गेल्यावर, व्हेरायझन या अमेरिकी कंपनीच्या नेटवर्कमधून सुमारे १५ हजार नवे मार्ग अचानक जाहीर झाले. हे नवे पत्ते नव्हते. आधी मोठ्या गटांत एकत्र सांगितलेले पत्तेच बारीक तुकड्यांत सांगितले गेले होते. `/20` चा एक गट `/24` च्या तुकड्यांत सांगितला की एका ओळीच्या जोडीला सोळा ओळी येतात. असे अनेक गट फुटले आणि पाच लाखांचा तक्ता ५ लाख १५ हजारांच्या घरात गेला. काही मिनिटांत ते मार्ग मागे घेतले गेले, पण तेवढ्याने काम भागले होते.

इथे आकड्यांचा हिशेब बारकाईने पाहायला हवा. ५१२के म्हणजे ५१२ गुणिले १०२४, अर्थात ५,२४,२८८. पाच लाख पंधरा हजार त्याहून कमीच आहेत. मग सीमा ओलांडली कशी? जागतिक तक्त्याखेरीज प्रत्येक पुरवठादाराचे स्वतःचे अंतर्गत मार्ग असतात, ग्राहकांना दिलेले छोटे तुकडे असतात, आणि एमपीएलएस वापरत असेल तर लेबलेही त्याच वाट्यातून जागा घेतात. ज्यांच्याकडे असा दहा-वीस हजारांचा घरचा भार होता, ते सीमेपलीकडे गेले. ज्यांचा भार कमी होता, ते तसेच यंत्र असूनही वाचले. त्या दिवशी अडचणी जगभर पण विखुरलेल्या दिसल्या, त्यामागे हे मोठे कारण होते. त्या दिवसाला पुढे ‘५१२के डे’ असे नाव पडले.

सीमा ओलांडल्यावर या यंत्राच्या आत काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. हार्डवेअरमध्ये न मावलेल्या मार्गाचे पॅकेट फेकून देण्याऐवजी यंत्र ते प्रोसेसरकडे पाठवते आणि प्रोसेसर मूळ तक्ता पाहून त्याला वाट दाखवतो. याला सॉफ्टवेअर स्विचिंग म्हणतात. ऐकायला हा चांगला तोडगा वाटतो. पण हार्डवेअर सेकंदाला सुमारे तीन कोटी पॅकेट हाताळत असते आणि प्रोसेसरची धाव फार तर काही लाखांपर्यंत असते. न मावलेल्या मार्गांपैकी एखादा जरी गर्दीचा निघाला, तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. मग तो शेजाऱ्यांशी ठरल्या वेळी संपर्क ठेवू शकत नाही, बीजीपीची सत्रे तुटतात, ती पुन्हा जुळताना लाखो मार्ग नव्याने उतरवावे लागतात, आणि आधीच दमलेल्या प्रोसेसरवर हे नवे ओझे पडते. काही हजार ओळींची टंचाई अशी सगळ्या यंत्राला वेठीला धरते.

यंत्र हे सगळे मुकाट्याने करते असेही नाही. वाटा ९५ टक्के भरला की ते इशारा देते आणि भरून वाहू लागला की दुसरा संदेश लिहिते:

```
%MLSCEF-SP-4-FIB_EXCEPTION_THRESHOLD: Hardware CEF entry usage is at 95% capacity for IPv4 unicast protocol.
%MLSCEF-SP-7-FIB_EXCEPTION: FIB TCAM exception, Some entries will be software switched
```

या संदेशांतले एकेरी अंक गांभीर्याची पातळी सांगतात आणि आकडा जितका मोठा तितके गांभीर्य कमी मानले जाते. पहिल्या इशाऱ्याची पातळी ४ आहे. प्रत्यक्ष बिघाडाच्या संदेशाची पातळी ७, म्हणजे निव्वळ तपासणीपुरत्या नोंदीची, सर्वांत खालची. बहुतेक ठिकाणी लॉग गोळा करणारा सर्व्हर पातळी ७ चे संदेश घेतच नाही. दुखणे गंभीर झाल्यावर आलेला निरोपच गाळला जावा, ही मांडणी अजब म्हणावी लागेल.

आणखी एक खोच अशी की मार्गांची संख्या पुन्हा कमी झाली तरी या मालिकेतली यंत्रे त्या अपवादाच्या अवस्थेतून आपोआप बाहेर येत नाहीत. त्यासाठी ती रीलोड करावी लागतात. व्हेरायझनचे जादा मार्ग काही मिनिटांतच गेले होते, पण त्याचा त्रास बराच वेळ रेंगाळला, तो यामुळेही.

उपाय एका ओळीचा होता आणि सिस्कोने तो काही महिने आधीच ग्राहकांना कळवला होता. वाटणीचा आकडा बदलायचा आणि यंत्र रीलोड करायचे:

```
mls cef maximum-routes ip 768
```

अडचण होती ती रीलोडची. मुख्य राउटर काही मिनिटे बंद ठेवायला रात्रीची वेळ ठरवावी लागते, ग्राहकांना कळवावे लागते, आणि सगळे नीट चालू असताना हे काम पुढे ढकलणे सोपे असते. कोणता आकडा निवडायचा हाही प्रश्नच होता. आयपी व्ही-४ ला १०००के दिले तर पुढची अनेक वर्षे निभावतात, पण मग आयपी व्ही-६ साठी जेमतेम आठ हजार मार्गांची जागा उरते. वीस हजारांचा तक्ता त्यात मावणार नव्हता. एक वाटा वाचवताना दुसरा फुटला असता. ७६८के हा मध्यममार्ग बऱ्याच जणांनी स्वीकारला. त्यामुळेच २०१९ मध्ये जागतिक तक्ता ७,८६,४३२ या आकड्याजवळ आला तेव्हा ‘७६८के डे’ची चर्चा सुरू झाली. या वेळी मात्र जुनी यंत्रे बरीच निवृत्त झाली होती आणि ती वेळ फारसा गाजावाजा न होता टळली.

मार्गांची संख्या निदान बाहेरून येते आणि मोजता येते. ॲक्सेस लिस्टचा हिशेब अधिक फसवा असतो, कारण तिथे माणसाने लिहिलेली एक ओळ म्हणजे हार्डवेअरमधली एक ओळ असे नसते.

समजा, एका कार्यालयाच्या स्विचवर नियम लिहायचा आहे: बारा विभागांच्या सबनेटवरून आठ सर्व्हरांना १०२४ पासून ६५५३५ पर्यंतच्या कोणत्याही पोर्टवर पोचू द्यावे. सबनेटांचा एक गट, सर्व्हरांचा दुसरा गट केला की कॉन्फिगरेशनमध्ये हा नियम एका ओळीत मावतो. हार्डवेअरला मात्र गट कळत नाहीत. तिथे प्रत्येक सबनेट आणि प्रत्येक सर्व्हर यांची जोडी वेगळी लिहावी लागते, म्हणजे बारा गुणिले आठ, ९६ ओळी झाल्या.

आता पोर्टचा पट्टा. टीकॅमला ‘यापासून त्यापर्यंत’ ही भाषा येत नाही. तिला फक्त शून्य, एक आणि ‘काहीही चालेल’ कळते. म्हणून पट्टा दोनाच्या घातांच्या तुकड्यांत तोडावा लागतो. १०२४ ते २०४७, २०४८ ते ४०९५, ४०९६ ते ८१९१, ८१९२ ते १६३८३, १६३८४ ते ३२७६७ आणि ३२७६८ ते ६५५३५ असे सहा तुकडे होतात. ९६ गुणिले सहा, म्हणजे ५७६ ओळी. कोणी काटेकोरपणा म्हणून पाठवणाऱ्याच्या पोर्टवरही हाच पट्टा लावला, तर पुन्हा सहापट होऊन ३,४५६. कार्यालयांच्या मजल्यांवर बसवल्या जाणाऱ्या स्विचमध्ये ॲक्सेस लिस्टसाठी अनेकदा हजार-दोन हजार ओळींचीच सोय असते. एका ओळीच्या नियमाने ती केव्हाच ओलांडली.

पट्ट्याच्या टोकांवरही बरेच अवलंबून असते. वरचा पट्टा गोल आकड्यावर सुरू होत होता म्हणून सहा तुकड्यांत निभावले. १ ते ६५५३४ हा पट्टा दिसायला जवळजवळ ‘सगळेच पोर्ट’ असा आहे, पण दोन्ही टोकांची एकेक पोर्ट वगळल्यामुळे त्याचे ३० तुकडे होतात. तो दोन्ही बाजूंना लावला तर एकाच जोडीसाठी ९०० ओळी लागतात. काही स्विचमध्ये अशा पट्ट्यांची तुलना करायला वेगळी छोटी यंत्रणा असते आणि ती असेपर्यंत ओळी फुटत नाहीत. पण तीही मोजकीच असते. ती संपल्यानंतर लिहिलेला साधा नियम अचानक अनेक ओळी खाऊ लागतो, आणि ‘काल एवढाच नियम बसला, आज का बसत नाही’ असा पेच पडतो.

न मावलेल्या ॲक्सेस लिस्टचे पुढे काय होते, ते यंत्रागणिक बदलते. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ४५०० सारख्या स्विचवर उरलेली तपासणी प्रोसेसरकडे जाते आणि लॉगमध्ये `hardware TCAM limit exceeded` अशी तक्रार उमटते. नियम पाळले जातात, वेग जातो. नेक्सस मालिकेतले स्विच बदल साफ नाकारतात आणि `Sufficient free entries are not available in TCAM bank` असे कारण देतात. नाकारणे त्या क्षणी त्रासदायक वाटते, पण हीच पद्धत अधिक सुरक्षित म्हणावी लागेल. चूक करणारा माणूस अजून कीबोर्डसमोर बसलेला असतो, आणि जुने नियम जागेवर असतात.

नेक्ससमध्ये एक वेगळा चकवा आहे. चालू असलेली ॲक्सेस लिस्ट बदलताना ते स्विच आधी नवी यादी जुनीच्या शेजारी पूर्ण उतरवतात आणि मग एका क्षणात जुनीवरून नवीवर येतात, म्हणजे मधल्या वेळात वाहतूक उघडी पडत नाही. त्यासाठी तात्पुरती दोन्ही यादींची जागा लागते. म्हणून ६० टक्के भरलेल्या वाट्यातही एका मोठ्या यादीत एक ओळ वाढवताना जागा नसल्याचा संदेश येऊ शकतो. `no hardware access-list update atomic` ही कमांड देऊन ही पद्धत बंद करता येते, पण मग बदल चालू असताना त्या यादीची वाहतूक अडते.

टीकॅम संपल्याची शंका आली की प्रोसेसरवरचा ताण आधी पाहिला जातो. कोणतीही प्रक्रिया भारी नसताना ताण वाढला असेल आणि त्यातला मोठा भाग पॅकेट हाताळण्यात जात असेल, तर पॅकेट हार्डवेअर सोडून वर येत आहेत असे समजावे. दुसरी खूण म्हणजे त्रास निवडक असतो: काही पत्त्यांना जाताना उशीर आणि गळती, तर त्याच तारेवरून जाणाऱ्या बाकीच्यांना काहीच नाही. अशा वेळी मार्गांचा नेहमीचा तक्ता पाहून उपयोग नसतो, तो प्रोसेसरचा असतो. हार्डवेअरचीच मोजदाद मागावी लागते. ६५०० वर ती अशी मिळते:

```
show platform hardware capacity forwarding
show mls cef maximum-routes
show mls cef exception status
```

पहिली कमांड किती ओळी वापरल्या ते सांगते, दुसरी वाटणी दाखवते, आणि तिसरीत आयपी व्ही-४ समोर `TRUE` दिसले तर निदान पक्के. कॅटॅलिस्ट ३७५० सारख्या लहान स्विचवर `show platform tcam utilization` आणि वाटणीचा साचा दाखवणारी `show sdm prefer` ही जोडी तेच काम करते. त्या स्विचवर मार्ग न मावल्यास येणारा संदेश वेगळाच धोका सांगतो: नेमका मार्ग हार्डवेअरमध्ये बसला नाही आणि त्याची जागा ढोबळ मार्गाने झाकली आहे.

उपायांत सर्वांत स्वस्त तो वाट्यांची फेरमांडणी. त्यानंतर मागणी कमी करणे येते. इंटरनेटला एकाच पुरवठादाराकडून जोडलेल्या कार्यालयाला संपूर्ण जागतिक तक्ता घेण्याचे काही कारण नसते. ‘माहीत नसलेले सगळे इकडे’ असा एक डिफॉल्ट मार्ग त्याला पुरतो. दोन पुरवठादार असतील तर डिफॉल्ट मार्गाच्या जोडीला प्रत्येकाचे स्वतःचे आणि त्याच्या ग्राहकांचे मार्ग तेवढे घेतले तरी बरेचदा भागते. ॲक्सेस लिस्टमध्ये पट्ट्यांची टोके दोनाच्या घातांवर आणणे, शेजारचे सबनेट एका मोठ्या गटात मिळवणे आणि केव्हाच बंद झालेल्या सर्व्हरांचे नियम काढून टाकणे यांतून आश्चर्य वाटावे इतकी जागा सुटते.

ज्यांना संपूर्ण तक्ता हवाच, त्यांच्यासाठी काही यंत्रांत मार्ग दाबून बसवण्याची सोय असते. शेजारशेजारचे अनेक बारीक मार्ग एकाच दिशेला जात असतील तर हार्डवेअरमध्ये त्यांची एकच ओळ केली जाते, मूळ तक्ता मात्र पूर्ण राहतो. ही बचत मार्गांच्या दिशा किती सारख्या आहेत यावर ठरते. एखादी मोठी जोडणी तुटून मार्ग वेगवेगळ्या दिशांना विखुरले की एकत्र केलेल्या ओळी पुन्हा सुट्या कराव्या लागतात आणि टीकॅम नेमका बिघाडाच्या वेळी फुगतो. म्हणून अशा यंत्राची क्षमता ठरवताना दाबून बसवलेल्या नव्हे, तर जोडणी तुटल्यावरच्या ओळी मोजाव्या लागतात.